अण्णांचं दुकान, पाच मिनिटांची चर्चा आणि नऊ दिवसांची कटकट

दुकानाच्या वेबसाइटचं पान तयार व्हायला दोन संध्याकाळी पुरल्या आणि अण्णांना पटवायला पाच मिनिटं. बाकीचे नऊ दिवस एका ईमेल पत्त्यानं खाल्ले. ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

आमचं वाईत किराणा दुकान आहे. पुण्यात नोकरीला असलो तरी शनिवार-रविवारी मी गल्ल्यावर असतो. एका रविवारी अण्णा हळद मोजत होते आणि फोन थांबत नव्हता. ‘आज चालू आहे का?’, ‘पाचगणी रोडच्या बंगल्यावर सामान पोचवता का?’, ‘खपली गहू मिळेल का?’ एका हातात फोन, दुसऱ्या हातात माप. समोरची बाई पिशवी धरून ताटकळत उभी होती.

“अण्णा, दुकानाची वेबसाइट करू या.”

“चाळीस वर्षं झाली दुकानाला. वाईत आपल्याला कोण ओळखत नाही?”

“वाईतल्यांसाठी नाहीच म्हणत मी. शनिवारी बंगला भाड्यानं घेतात त्यांना काय माहीत?”

“ते यादी व्हॉट्सॲपवर टाकतात की.”

“नंबर मिळाल्यावर टाकतात ना. नंबर मिळणार कुठून? आत्ताचे चारही फोन आठवा. चौघांचे प्रश्न एका पाटीवर लिहिता आले असते.”

ते थोडं गप्प झाले. मग खरी अडचण बाहेर आली. “तेलाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. तू तिथं भाव लिहिणार आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडणार.”

“भाव लिहायचेच नाहीत.”

“मग काय लिहिणार?”

“वेळ, सुट्टीचा वार, कुठपर्यंत पोचवतो, काय काय मिळतं, आणि नंबर.”

“माझा फोटो नको,” असं म्हणून त्यांनी पुडी बांधायला घेतली. हाच होकार.

भाव न टाकण्याचा त्यांचा मुद्दा मला आधी जुनाट वाटला होता, पण तोच बरोबर निघाला. भाव आणि ऑनलाइन पैसे आले की रोज कुणीतरी बसून पान बदलायला हवं. आमच्याकडे ते कोण करणार? एकाच पानाची साधी साइट असली की बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

साइटचं नाव .com मध्ये घेतलं. अर्ज भरताना म्हटलं, सगळं दुकानाच्याच नावावर असू दे. म्हणून ‘नाव’ या रकान्यात दुकानाचं नाव टाकलं आणि ईमेल टाकला बिलबुकावर छापलेला. चूक इथंच झाली. तो पत्ता सहा वर्षांपूर्वी मोबाईलवाल्यानं फोन चालू करून देताना बनवलेला. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अण्णांचा फोन बदललेला, आणि पासवर्ड बदलायचा कोड जातो बंद पडलेल्या सिमवर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण साइट त्याच रात्री दिसायला लागली. अण्णांनी शेजारच्या मेडिकलवाल्यालाही दाखवली.

दिवाळीच्या तोंडावर, नाव घेऊन पंधरा दिवस झाले आणि साइट गायब. पान सापडत नाही एवढंच दिसायचं. पान जिथं ठेवलं होतं त्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, “आमच्याकडे सर्व सुरळीत आहे, ब्राउझरची साठवण पुसून पाहा.” पुसली. वायफाय बदललं, फोन बदलला, साइटचं नाव टाकल्यावर पान कुठं ठेवलंय ते सांगणारे नेमसर्व्हर पुन्हा भरले. नेमसर्व्हर बदलला की परिणाम दिसायला एखादा दिवस लागू शकतो, म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर नुसतं थांबायचं. असे तीन दिवस गेले.

खरं तर पहिल्या पाच मिनिटांत बघायची गोष्ट मी चौथ्या दिवशी बघितली. lookup.icann.org वर आपलं नाव टाकलं की त्याची सध्याची अवस्था दिसते. किंवा टर्मिनलवर, example.com च्या जागी आपलं नाव घालून:

```
whois example.com | grep -i status
```

तिथं लिहिलं होतं clientHold. म्हणजे नाव आपलंच आहे, पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी ते जगाच्या यादीतून उतरवून ठेवलंय. पान शाबूत असलं तरी तिथवर जायचा रस्ताच बंद. नेमसर्व्हर शंभरदा बदलूनही उपयोग नाही. कारण असं की .com सारखं नाव घेतलं की दिलेल्या ईमेलवर खात्रीचा दुवा येतो आणि तो पंधरा दिवसांत दाबावा लागतो. आमचा दुवा कुणीच उघडू शकत नव्हतं अशा पेटीत पडून होता.

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, “काट्यासारखंच झालं की. काटा चोख आहे, पण वजनमापवाल्यांचा यंदाचा शिक्का नाही. मग वापरता येत नाही.” तीन दिवसांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आता ईमेल बदलायचा. खातं माझ्या लॉगिनवर होतं, म्हणून वाटलं बदलला की झालं. तर मालकाचा ईमेल बदलणं म्हणजे मालक बदलण्यासारखंच धरतात आणि आधीच्या मालकाची संमती मागतात. संमतीची चिठ्ठी गेली कुठं? त्याच बंद पेटीत! मी खरंच हसलो, रागानं.

मग मदत विभागाला लिहायचं, कागद पाठवायचे. अण्णांचं आधार पाठवलं. दोन दिवसांनी नकार आला, “नोंदीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही.” बरोबरच होतं, नोंदीत दुकान आणि आधारवर माणूस. ज्यावर दोन्ही नावं आहेत असा कागद हवा होता. तो सापडला आमच्याच फाइलीत, शॉप ॲक्टच्या सूचनेची पावती. आमच्यासारख्या थोड्या कामगारांच्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते. त्या पावतीवर दुकानाचं नाव आणि मालकाचं नाव शेजारी शेजारी आहे. ती पाठवल्यावर सूत हललं. नवा ईमेल लागला, त्यावर पुन्हा नवा दुवा आला (तो मी मिनिटभरात दाबला) आणि संध्याकाळपर्यंत साइट परत. वसुबारस तोवर होऊन गेली होती.

तुम्ही करणार असाल तर मालकाच्या रकान्यात आधारवरचं नाव तसंच्या तसं टाका आणि दुकानाचं नाव संस्थेच्या रकान्यात. ईमेल रोज उघडता तोच द्या. आणि हो, साइट करून देणाऱ्याला साइटचं नाव त्याच्या स्वतःच्या नावावर घेऊ देऊ नका. आमच्या ओळखीत एकाचं तसं झालंय, तो पोरगा फोनच उचलत नाही. नूतनीकरणाची आठवणही त्याच ईमेलवर येते, म्हणून मी अण्णांच्या फोनवर तो सुरू करून ठेवलाय.

परवा त्यांचाच फोन आला. वाटलं पुन्हा गेली की काय.

“अरे, त्या पानावर खपली लिहिलाय ना? संपलाय. काढ तो. सकाळपासून तिघांनी विचारलं.”

“कुठून आले तिघं?”

“ते मला काय विचारतोस,” म्हणाले आणि ठेवला.