औषधाच्या डोसांची बेरीज: हाफ-लाइफ दुप्पट केल्यावर काय दिसलं

मागच्या वेळी एकाच डोसचा उतरता आलेख काढून झाला होता, या आठवड्यात रोज एक डोस देत गेलं तर शरीरात किती साठतं ते बघितलं. नमुना म्हणून डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेतलं कारण ते हळू उतरतं. किडनी नीट असेल तर त्याची हाफ-लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण 36 ते 48 तास असते, मी 36 धरली, डोस दर 24 तासांनी. आणि मिलिग्रॅममध्ये न अडकता एका डोसला 1 म्हटलं, म्हणजे सगळी उत्तरं थेट 'इतके डोस अंगात' अशी वाचता येतात.

24 तासांनी आधीच्यातलं किती उरतं तो आकडा r, आणि r = 2^(-24/36), म्हणजे 0.63. दुसरा डोस पडतो तेव्हा पहिल्याचे 0.63 अजून आहेत, तिसऱ्याच्या वेळी पहिल्याचे 0.63 चा वर्ग, असं करत बेरीज 1 + r + r² + … ही भूमिती श्रेढी होते आणि ती 1/(1-r) म्हणजे 2.70 ला जाऊन टेकते. हा डोस घेतल्या घेतल्याचा वरचा आकडा. पुढच्या डोसच्या अगदी आधीचा आकडा म्हणजे त्याच्या r पट, 1.70. दोघांतला फरक बरोब्बर 1, कारण स्टेडी झालं याचा अर्थच हा की दिवसभरात एक डोस बाहेर जातो आणि एक आत येतो, हे श्रेढी न वापरताही पटतं. सुरुवातीला माझे आकडे जुळत नव्हते, कारण मी बेरीज 1 पासून धरत होतो आणि तुलना डोसच्या आधीच्या आकड्याशी करत होतो, त्याची बेरीज r पासून सुरू होते. तुमच्याकडे फरक नेमका 1 चा येत असेल तर आधी हेच तपासा.

```python
h = 36
r = 2 ** (-24 / h)
x = 0
for n in range(1, 11):
    x = x * r + 1
    print(n, round(x, 2), round(x * r, 2))
```

वरचे आकडे 1, 1.63, 2.03, 2.28 असे चढत जातात. n डोसनंतर स्टेडी लेव्हलचा 1 - r^n इतका भाग गाठलेला असतो, तिसऱ्या डोसला 75 टक्के, सहाव्याला 94. डोस दुप्पट केला तर सगळे आकडे दुप्पट होतात पण टक्के तेच राहतात, म्हणजे पोचायला लागणारा वेळ फक्त हाफ-लाइफ ठरवते. म्हणूनच घाई असेल तेव्हा सुरुवातीला मोठा लोडिंग डोस देतात, कागदावर तो 2.70 डोस इतका, प्रत्यक्षात तुकड्यांत देतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. डिगॉक्सिन बरंचसं किडनीतून बाहेर जातं, किडनी मंदावली की हाफ-लाइफ वाढते, म्हणून h = 72 टाकून बघितलं. r झाला 0.79 आणि शेवटचा आकडा 2.70 वरून 4.85 वर गेला, एवढं अपेक्षितच होतं. पण तिसऱ्या डोसला बघा, आधी 2.03 होते ते आता 2.42, म्हणजे फरक फारसा नाहीच. सातव्या डोसला मात्र 2.60 च्या जागी 3.89, आणि तरीही ते अजून चढतच असतं. जी गोष्ट लेव्हल वाढवते तीच ती गाठायला उशीर लावते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी रक्त तपासून 'ठीक आहे' म्हटलं तर ते उत्तर जवळपास काहीच सांगत नाही. हे दोन आलेख एकावर एक ठेवून बघाच, पहिले दोन दिवस रेषा जवळजवळ चिकटून असतात.

सरासरी काढायची असेल तर 1.44 × हाफ-लाइफ ÷ अंतर, 36 ला 2.16 आणि 72 ला 4.32, ही मात्र नेमकी दुप्पट होते, वरचा आकडा होत नाही.

डोस चुकला तर काय, तेही याच बेरजेतून निघतं, चुकलेला डोस म्हणजे उणे एक डोस, जो बाकीच्यांसारखाच विरत जातो. h = 36 असताना दुसऱ्या दिवशीच्या डोसनंतर 2.70 ऐवजी 2.07, मग खड्डा 0.40, मग 0.25, आणि तीनेक दिवसांत बराचसा भरून निघतो.

दोन ठिकाणी हे गणित चालत नाही. माझ्या मॉडेलमध्ये डोस क्षणात सगळीकडे पसरतो, पण डिगॉक्सिनला रक्तातून ऊतींत जायला काही तास लागतात, म्हणून लेव्हलचं रक्त डोसनंतर निदान 6 तासांनी घेतात, डोसच्या लगेच नंतरचा माझा 2.70 हा रक्ताच्या रिपोर्टशी जुळवायचा आकडा नाहीच. दुसरं फेनिटोइन, फिट येऊ नयेत म्हणून देतात ते औषध. ते मोडणारं एन्झाइम भरून जातं, मग दर दिवशी उरणारा भाग स्थिर राहत नाही, r च नसतो, आणि डोस थोडा वाढवला तरी लेव्हल खूप वर जाते. तिथे x * r + 1 च्या जागी एन्झाइमचा वेग सांगणारं मायकेलिस-मेंटेनचं समीकरण छोट्या छोट्या वेळाने पुढे ढकलत न्यावं लागेल, पुढच्या आठवड्यात तेच करायला घेतोय.