इंजेक्शन दिलं आणि टेबल अडलं

काकांना किरणोत्सारी फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज, म्हणजे एफडीजी, टोचून झालं होतं. मात्रा ३०० मेगाबेकरेल. तासभर पडून राहायचं आणि मग स्कॅन, असा नेहमीचा क्रम. नेमकं त्यांना मशीनवर घेताना पेट-सीटीचं टेबल आत सरकेना. दुरुस्ती होईपर्यंत इंजेक्शनला १७० मिनिटं उलटली.

"आता पुन्हा सुई का?" काका वैतागले होते.

"नाही काका, आहे त्यातच भागेल."

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. तासाभराने २०५ मेगाबेकरेल उरले असते, आता साधारण १०३ होते (लघवीवाटे गेलं ते वेगळं). कार्बन-११ असता, तर २० मिनिटांच्या अर्धायुष्यामुळे याच ११० मिनिटांत पंचेचाळिसावा हिस्साच राहिला असता. फ्लोरिन-१८ बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, दुसऱ्या गावी असूनही आमचं काम चालतं ते या लांब अर्धायुष्यामुळेच. शिवाय दुसऱ्या दिवशी अंगात जवळपास काहीच उरत नाही, त्यामुळे रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

अर्ध्या मात्रेत चित्र निम्म्याने बिघडेल, अशी नव्या सहकाऱ्याला धास्ती होती. पण इथे एक गंमत आहे. फ्लोरिनमधून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, मिलिमीटरभरही जात नाही, तोच बहुधा इलेक्ट्रॉनला गाठतो. दोघंही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. कड्यातल्या दोन स्फटिकांवर काही नॅनोसेकंदांच्या आत ठोके पडले, की मशीन त्यांना जोडी धरतं आणि त्यांच्यामधली रेघ नोंदवतं. मात्र दोन वेगवेगळ्या घटनांमधला एकेक फोटॉन योगायोगाने एकाच वेळी पोचला, तर खोटी रेघ पडते. त्याला आम्ही रँडम म्हणतो. मात्रा निम्मी झाली की खऱ्या जोड्या निम्म्या होतात, रँडम मात्र चौथाईवर येतात.

मशीन हे रँडम मोजतंही. एका बाजूचा संकेत मुद्दाम उशिराने जुळवायचा. मग खरी जोडी जुळूच शकत नाही, जे जुळेल तो निव्वळ योगायोग. कन्सोलवर त्यांचं प्रमाण चांगलंच उतरलेलं दिसत होतं. मी प्रत्येक टप्प्याचा वेळ २ मिनिटांवरून ४ केला. खऱ्या जोड्या जवळपास नेहमीइतक्याच मिळाल्या आणि खोट्या निम्म्याच.

चित्र स्वच्छ आलं. यकृत फिकट, गाठ नेहमीपेक्षा गडद. सहकारी खूश झाला, डॉक्टर मात्र थबकले. मागचा स्कॅन ६० मिनिटांनी झाला होता. एसयूव्ही, म्हणजे गाठीने किती ग्लुकोज शोषलं ते सांगणारा आकडा, काढताना संगणक किरणोत्सर्गातली घट भरून काढतो, पण दरम्यान गाठीने जास्तीचं ग्लुकोज शोषलं, त्याला तो काय करणार? आकडा वाढला म्हणून आजार वाढला, असं म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांनी अहवालात १७० मिनिटं ठळक नोंदवली, एसयूव्हीची तुलना टाळली आणि सीटीवर गाठीची लांबी-रुंदी मोजायला घेतली.