दोन पाटील, दोन्ही पंचेचाळीस हजार

महापेच्या आमच्या ऑफिसात सोमवारची सुरुवात सस्पेन्सच्या यादीने होते. शनिवार-रविवारी क्रिप्टो एक्स्चेंजच्या बँक खात्यात आलेले, पण कोणाच्या वॉलेटला लावायचे ते न कळलेले पैसे या यादीत पडून असतात. १६ जून २०२५ च्या यादीत ४५,००० च्या दोन नोंदी होत्या. दोन्ही १४ तारखेच्या, आयएमपीएसने आलेल्या, दोन्हीत संदर्भ कोड नाही, आणि पाठवणारा दोन्हीकडे ‘एस पाटील’. नवी मुंबईत पाटील शोधणं म्हणजे समुद्रात पाणी शोधणं.

दहाच्या सुमारास कोपरीहून एका पाटील काकांचा फोन आला. आवाज चढलेला. "कोड टाकलाय मी! स्क्रीनशॉट पाठवतो, बघा."

स्क्रीनशॉट पाहिला आणि उलगडा झाला. कोड होता खरा, पण ‘निकनेम’च्या रकान्यात. खातं जोडताना आपण दिलेलं ते टोपणनाव आपल्याच अ‍ॅपमध्ये राहतं, समोरच्या बँकेकडे जात नाही. कोड पैसे पाठवताना ‘रिमार्क्स’मध्ये टाकायचा. तो रकाना यांनी कोरा सोडला होता.

"मग आता कोड टाकून परत पाठवू का?"

"अजिबात नको, काका. आधी हेच सापडू दे. मला बारा आकडी आरआरएन द्या, म्हणजे बँकेने व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक."

त्यांनी एसएमएसमधून आकडा वाचून दाखवला, तो ५१६२ ने सुरू होत होता. मी तिथेच थांबलो. आयएमपीएसच्या या आकड्यात साधारणपणे पहिला अंक वर्षाचा शेवटचा आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १६२ वा दिवस म्हणजे ११ जून. काकांना विचारलं, तर बुधवारी एकदा पाठवलेले पैसे फेल होऊन खात्यात परत आले होते. वाचून दाखवला तो त्या एसएमएसमधला आकडा.

स्क्रीनशॉटवर आम्ही पैसे लावत नाही, तो कोणीही बनवू शकतो. नेट बँकिंगमधून पीडीएफ स्टेटमेंट मागवलं. त्यातल्या १४ तारखेच्या ओळीत ५१६५ ने सुरू होणारा आकडा होता, आणि तो आमच्या यादीतल्या दुसऱ्या नोंदीशी बाराच्या बारा अंकांनी जुळला. खातं केवायसीत दिलेलं, त्यांच्याच नावाचं. बायकोच्या खात्यातून पाठवले असते तर आरआरएन जुळूनही पैसे वॉलेटला लावता आले नसते, आले त्या खात्यात परत पाठवावे लागले असते. मी नोंद केली, सहकाऱ्याने तपासून मंजूर केली, आणि साडेबाराला काकांना मेसेज गेला.

स्टेटमेंटआधी नाव आणि रकमेवर जायचं म्हटलं असतं, तर मी पहिलीच नोंद त्यांना लावली असती. त्या दुसऱ्या पाटलांचा संध्याकाळपर्यंत फोन आला नव्हता.