भूगोल का सोडला

"भूगोलाचा अर्धा अभ्यास सामान्य अध्ययनातच होऊन जातो, तरी तो सोडून तुम्ही मराठी साहित्य का घेतलंत?"

हा 'अर्धा' अभ्यासक्रमाच्या मथळ्यांवरून काढलेला असतो. मी तो यूपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर तपासला. वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात, आणि प्रत्येक पेपरात दोन विभागांतल्या आठांपैकी पाच प्रश्न सोडवायचे असतात. पहिला आणि पाचवा अनिवार्य, आणि उरलेल्या तिनांत प्रत्येक विभागातला किमान एक. म्हणजे कितीही टाळले तरी दुसऱ्या विभागातले १०० गुण लिहावेच लागतात. भूगोलाच्या पहिल्या पेपरात तो विभाग मानवी भूगोलाचा, विचारप्रवाहांचा आणि सिद्धान्तांचा आहे. सामान्य अध्ययनात वाचलेले मान्सून आणि भूकंप तिथे कामाला येत नाहीत.

तरीही मी भूगोलच घेणार होतो. सीताबर्डीतल्या अभ्यासिकेत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला लहानमोठ्या गावांची मांडणी समजावणाऱ्या क्रिस्टॅलरच्या केंद्रस्थान सिद्धान्तावर उत्तर लिहायला लावले. षटकोन काढले, बाजारपेठ, वाहतूक आणि प्रशासन या तत्त्वांचे ३, ४ आणि ७ हे आकडे मांडले, आणि मी समाधानाने वही पुढे केली. त्याने ती वाचून एवढेच म्हटले, "आता हेच नागपूर, कामठी, काटोल, उमरेड यांना लावून दाखव. कुठे जुळतं, कुठे नाही, आणि का?" ज्या गावांमधून मी लहानपणापासून ये-जा केली, त्यांच्याविषयी मला दोन ओळी सुचेनात. सुचेनात याचे दुःख नव्हते, कारण अभ्यासाने त्या सुचल्या असत्या. पण ते शोधून काढावे असेही मला वाटेना, आणि हे अधिक बोचले. कवितेवरच्या प्रश्नाला मात्र मी मागितल्यापेक्षा जास्त लिहीत असे, आणि तेच लिहिणे कापून आखडते करण्याचा सराव मला करावा लागे.

निकालाच्या आकड्यांचे म्हणाल, तर आयोगाच्या वार्षिक अहवालात विषयवार बसलेले आणि शिफारस झालेले उमेदवार दिलेले असतात. पण वैद्यकशास्त्र घेणारे बहुतेक डॉक्टरच असतात, तेव्हा ते प्रमाण विषयाचे की माणसांचे, हे त्यातून कळत नाही. मराठी साहित्याला बसणारे थोडे असल्याने दोनचार निवडींनीच त्याचे प्रमाण वरखाली होते, म्हणून माझ्या बाजूनेही मी ते आकडे वापरत नाही.

साहित्याचा सामान्य अध्ययनाला उपयोग नाही, हे मी मान्य करतो. निबंधाला थोडा होतो, तोही मला हवासा वाटतो म्हणून मोजतो असे नाही, असे छातीठोक सांगता येणार नाही. शिवाय इतर पेपर इंग्रजीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याचा देवनागरीचा वेग तीन तासांत कमी पडतो.

माझ्या मामेबहिणीने यंदा भूगोल घेतला आहे. मी तिला अडवले नाही. मानवी भूगोलाच्या जुन्या प्रश्नांचे गठ्ठे मात्र आधी तिच्याकडे दिले, आणि ते तिला आवडले.