पुलीची त्रिज्या उत्तरात कुठून आली?

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सच्या चाचणीत मी एक पुलीचं गणित घातलं होतं. आडवा बीम डाव्या टोकाला, ए या बिंदूवर, हिंजला जोडलेला. तिथून २ मीटरवर, सीपाशी, खालून रोलरचा आधार आणि ३ मीटरवर पुलीचा आस. पुलीची त्रिज्या ०.२ मीटर. तिच्या उजव्या बाजूने ६०० न्यूटनचं वजन लटकतं आणि दोरी वरून आडवी डावीकडे जाऊन भिंतीतल्या हुकाला बांधलेली. बीमचं वजन आणि घर्षण सोडून द्यायचं. रोलरची प्रतिक्रिया ९०० न्यूटन येते.

पेपर दाखवले त्या दिवशी एक मुलगी टेबलाशी आली. तिचं उत्तर होतं ९६०.

"सर, मी पडताळा घेतलाय. सीभोवती मोमेंट घेतले तरी शून्यच येतंय."

खरंच येत होतं. हिंजचं खालच्या दिशेचं बळ ३६०, अंतर २ मीटर. दोरीचं ६००, अंतर १.२ मीटर. दोन्हीकडे ७२०. गोम अशी की तिच्या एफबीडीत, म्हणजे बाहेरून लागणारी सगळी बळं दाखवणाऱ्या आकृतीत, आडव्या दोरीचं टेन्शनच नव्हतं. बिंदू बदलून घेतलेला पडताळा फक्त काढलेल्या बळांचा मेळ तपासतो. जे काढलंच नाही ते दोन्ही समीकरणांत नसतं.

मी म्हटलं, "त्रिज्या ०.४ कर बरं."

तिने आकडा मांडला: १०२०. मग स्वतःच थबकली. "पण सर, नुसती पुली मोठी केली तर रोलरवरचा भार कसा वाढेल?"

नाहीच वाढत. घर्षण नसेल तर दोन्ही बाजूंचं टेन्शन सारखं, आसापासूनचं अंतरही सारखंच, म्हणून आसाभोवतीचे मोमेंट एकमेकांना खातात. त्रिज्या उत्तरात उरायलाच नको. मग तिला बीम आणि पुलीभोवती पेन्सिलने बंद रेषा काढायला लावली. रेषेने दोरी दोनदा कापली. ६०० गुणिले ३.२ मधून ६०० गुणिले ०.२ वजा, भागिले २. आले ९००.

काहींचं ८४० आलं होतं. त्यांनी दोन्ही बळं काढली होती, पण उभ्या दोरीचं अंतर आसापर्यंत, ३ मीटर धरलं आणि आडवीचं मात्र ०.२ ठेवलं. तेही त्रिज्या बदलली की उघडं पडतं.

एकाचं मात्र चक्क ९०० होतं. वजन आसावर आणि आडवी दोरी गायब! त्रिज्येची युक्ती इथे चालत नाही, कारण आसावर आणलेलं आडवं बळ ए आणि सी दोन्हींतून जातं आणि मोमेंटच देत नाही. रोलरचे मार्क त्याला दिले, हिंजचे नाही.

"उत्तर बरोबर आहे ना, सर?"

"दोरी बीमला ६०० न्यूटनने डावीकडे ओढतेय. रोलर आडवं बळ देत नाही. मग अडवतं कोण?"

त्याने एपाशी उजवीकडे बाण काढला.