भाडं माझ्या खात्यात, उत्पन्न चौघांचं

बाबा गेले २०२३ च्या दिवाळीत. मृत्युपत्र नव्हतं. मागे आम्ही चौघं: आई, ताई, मी आणि धाकटा भाऊ. दारव्ह्यात बाबांची एक इमारत आहे, खाली एका पतसंस्थेची शाखा. महिन्याला २५,००० भाडं येतं. गावात बारा एकर वावर, ते भाऊ वाहतो. वाटणीचं कोणी बोलत नव्हतं, कारण घरात वर्ष-दीड वर्ष तो विषय काढणं बरं दिसत नाही.

पतसंस्थेनं भाड्यासाठी एकच खातं मागितलं, म्हणून मी माझं दिलं. पॅनही माझाच. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, कागदपत्रं करणं माझ्याकडेच येतं. २०२४-२५ चं रिटर्न भरायला पॅनवर कापलेला कर दाखवणारा २६एएस काढला, तर वर्षाचे ३ लाख भाडं माझ्या नावावर आणि त्यावर दहा टक्के, म्हणजे ३०,००० टीडीएस कापलेला. भाऊ म्हणाला, "दादा, पैसे तुह्या खात्यात येतात, मंग टॅक्स बी तूच भरशील ना?" मलाही तेच वाटत होतं.

सीएनं आधी एकच प्रश्न विचारला: ही मालमत्ता बाबांकडे कशी आली? मी जुने फेरफार काढून नेले. इमारत आणि वावर, दोन्हींना "खरेदीने" अशी नोंद. त्यावरून गोष्ट ठरली. बाबांनी स्वतः घेतलेली मालमत्ता मृत्युपत्र न करता वारसांकडे आली की हिंदू वारसा कायद्यानं प्रत्येकाचा हिस्सा त्याच दिवशी ठरतो. वाटणीपत्र झालेलं नसलं तरी आमचा चौथा-चौथा हिस्सा ठरलेलाच होता. अशा घरभाड्यावर १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६ लागतं आणि ज्याचा हिस्सा त्याच्याच उत्पन्नात धरला जातो. पैसे कोणाच्या खात्यात पडले, हे त्यात मोजत नाहीत. मालमत्ता पूर्वापार अविभक्त कुटुंबाची असती, तर कुटुंबाचा वेगळा पॅन काढून कर्त्यानं रिटर्न भरावं लागलं असतं. तो वेगळाच व्याप.

अडचण आली ताईची. ती म्हणे, "मले काय कराचं त्या भाड्याचं, तुम्हीच घ्या." सीएनं सांगितलं, पैसे न घेतल्यानं उत्पन्न तिचं राहणं थांबत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोड लागतो, आणि तोही पुढच्यासाठी. शेवटी तिनं हिस्सा घेतला. मला ते बरं वाटलं.

हिशेब असा झाला. ३ लाखांतून नगरपरिषदेचा भरलेला ८,००० कर वजा, राहिले २,९२,०००. त्यातून दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के, म्हणजे ८७,६०० गेले. उरले २,०४,४००, प्रत्येकी ५१,१००.

वावरातून कापूस आणि तूर विकून, बी, खत, वेचाईची मजुरी काढून, १,८०,००० राहिले. प्रत्येकी ४५,०००. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे मी वर्गातही सांगत आलो आहे. अर्धं खरं निघालं. इतर उत्पन्न किमान मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचं ५,००० च्या वर असेल, तर दर ठरवायला शेतीचं मिळवतात. माझा पगार प्रमाणित वजावटीनंतर ८,२५,०००, त्यात भाड्याचा हिस्सा धरून ८,७६,१००. शेती न धरता नव्या पद्धतीनं कर ३७,६१० होता. शेती मिळवून ९,२१,१०० वर ४२,११० येतो, त्यातून करमुक्त तीन लाख आणि शेतीचे ४५,००० मिळून ३,४५,००० वरचा २,२५० वजा होतो, उरतो ३९,८६०. म्हणजे करमुक्त शेतीनं मला २,२५० लावले, वर चार टक्के उपकर. आईला आणि भावाला काहीच नाही, कारण त्यांचं दुसरं उत्पन्न मर्यादेच्या आत. पाच हजारांवर शेती असल्यानं मला आयटीआर-१ चालेना, आयटीआर-२ भरावा लागला. त्यात सहमालकांची नावं, पॅन आणि टक्केवारी विचारतात.

सगळ्यात जास्त चकरा टीडीएससाठी झाल्या. ३०,००० माझ्या पॅनवर, उत्पन्न चौघांचं. नियम ३७बीए प्रमाणे मी पतसंस्थेला लेखी दिलं: हे भाडं चौघांचं आहे, हे पॅन, हे हिस्से, हे कारण, सोबत वारस फेरफार. तिथला हिशेबनीस आधी कुरकुरला, "चार तिमाह्यांचं सुधारित विवरण भरावं लागते." महिनाभरानं भरलं. प्रत्येकाच्या २६एएसमध्ये ७,५०० दिसले, तेव्हाच मी माझं रिटर्न दाखल केलं. आईला रिटर्न भरणं बंधनकारक नव्हतं, पण परताव्यासाठी भरलं. हिस्से ठरलेले असल्यानं टीडीएसची मर्यादाही प्रत्येकाला वेगळी मोजतात. प्रत्येकाच्या वर्षाच्या ७५,००० भाड्यावर तो कापायलाच नको होता. हे पत्र पहिल्याच महिन्यात दिलं असतं तर चकरा वाचल्या असत्या.

एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा महिन्याला ५०,००० झाली, त्यामुळे आता कापतच नाहीत. भाडं अजून माझ्याच खात्यात येतं. पाच तारखेला मी तिघांना ६,२५० पाठवतो आणि आई लगेच फोन करून विचारते, "आले म्हणते बँकवाला, हे कायचे?"