आमची वाटचाल : पूर्ण उत्तर न देणारी शंकानिरसन सेवा

आमची सेवा सुरू झाली तेव्हा कामाचे स्वरूप सरळ होते. विद्यार्थ्याने अडलेल्या गणिताचा फोटो पाठवायचा आणि आमच्या मार्गदर्शकाने ते संपूर्ण सोडवून परत पाठवायचे. मागणी चांगली होती, परंतु तेच विद्यार्थी त्याच प्रकारचे गणित, फक्त आकडे बदललेले, पुन्हा पुन्हा पाठवत असत. तेव्हा आम्ही पूर्ण उत्तर देणे थांबवून केवळ हिंट देण्याचे ठरवले. काही पालकांनी वर्गणी बंद केली. पैसे भरूनही उत्तर मिळणार नसेल तर सेवा कसली, हा त्यांचा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने रास्तच होता.

हिंट देणे हे उत्तर लिहिण्यापेक्षा कठीण काम आहे, हे प्रत्यक्ष काम करू लागल्यावर कळले. सर्वप्रथम आम्ही नुसत्या छापील प्रश्नाचा फोटो स्वीकारणे बंद केले आणि वहीतील कच्च्या कामाचा फोटोही मागू लागलो, कारण विद्यार्थी कुठे अडला आहे हे प्रश्नावरून नव्हे, तर त्याने लिहिलेल्या आणि खोडलेल्या ओळींवरून समजते.

नव्या मार्गदर्शकांना आम्ही नेहमी एक उदाहरण दाखवतो. आयताची परिमिती 34 सेमी आणि कर्ण 13 सेमी आहे, तर क्षेत्रफळ किती? विद्यार्थिनीने रुंदी b आणि लांबी 17 − b मानून (17 − b)² + b² = 169 असे अचूक समीकरण मांडले होते. पुढच्या ओळीत मात्र 289 + b² + b² = 169 असे होते आणि तिथून b² = −60 आले होते. अशा वेळी पुष्कळ मुले ऋण चिन्ह गुपचूप गाळून पुढे जातात. तिने तसे न करता फोटो पाठवला, ही जमेची बाजू.

नवा मार्गदर्शक येथे हमखास लिहितो, "कंसाच्या वर्गाच्या विस्तारात मधले पद राहिले आहे." वाक्य छोटे असले तरी ती हिंट नव्हे, कारण चूक कुठे आहे आणि कोणती आहे, या दोन्ही गोष्टी त्यात सांगून झाल्या, उरते ती फक्त आकडेमोड. आमची पहिली हिंट अशी गेली : "एखाद्या लांबीचा वर्ग −60 असू शकेल का? नसेल, तर कुठपर्यंतच्या ओळींबद्दल तुझी खात्री आहे?" तिने उत्तर दिले की सगळ्याच ओळी बरोबर वाटतात. तेव्हा दुसरी हिंट दिली : "b च्या जागी 2 ठेव आणि दोन्ही ओळींची डावी बाजू काढून पाहा." पहिल्या ओळीत 225 + 4, म्हणजे 229 येतात, दुसरीत 289 + 4 + 4, म्हणजे 297. ओळ नेमकी कुठे मोडली हे आता तिचे तिलाच दिसले. येथे 2 हा आकडा जाणीवपूर्वक निवडला होता, कारण 5 किंवा 12 ठेवायला सांगितले असते तर बाजूंची लांबीच हाती दिल्यासारखे झाले असते.

पुढच्या फोटोत b² − 17b + 60 = 0 हे समीकरण होते, बाजू 12 आणि 5 निघाल्या होत्या आणि क्षेत्रफळ 60 चौसेमी लिहिलेले होते. या गणिताला याहून आखूड वाट आहे : बाजूंच्या बेरजेच्या वर्गातून कर्णाचा वर्ग वजा केला की 289 − 169 = 120 हे क्षेत्रफळाच्या दुप्पट मिळते. तरीही ती वाट आधी सुचवायची नाही, असा आमचा दंडक आहे. तसे केल्यास तिने योग्य रीतीने केलेली मांडणी वाया गेली असती. गणित सुटल्यावर मात्र विचारले, "समीकरणातले 60 आणि उत्तरातले 60 सारखेच का आले असावेत?"

हिंट फसली आहे हे ओळखणे अवघड नसते. नवी ओळ न लिहिता "पुढे काय?" एवढाच निरोप येतो. शेवटच्या हिंटमध्ये उत्तर असणारच, असे एकदा मुलांच्या लक्षात आले की ती हिंट न वाचता पुढची मागतात. म्हणून वहीत निदान एक नवी ओळ लिहून तिचा फोटो आल्याशिवाय, मग ती ओळ चुकीची का असेना, आम्ही पुढची हिंट पाठवत नाही. मात्र विद्यार्थ्याला विस्ताराचे सूत्रच ठाऊक नसेल, तर हिंटवर हिंट देणे म्हणजे निव्वळ छळ होय. अशा वेळी (10 − 3)² सारखे वेगळे उदाहरण आम्ही पूर्ण सोडवून दाखवतो आणि मूळ गणित त्याच्याकडेच ठेवतो.

या पद्धतीमुळे मानधनाची रीतही बदलावी लागली. पूर्वी मार्गदर्शकांना प्रत्येक प्रश्नामागे पैसे मिळत. त्या हिशेबात विद्यार्थ्याच्या पुढच्या फोटोची वाट पाहणे तोट्याचे ठरे आणि दुसऱ्या हिंटलाच उत्तर सांगून टाकण्याचा मोह होई. आता मानधन तासावर दिले जाते. त्यामुळे खर्च वाढला आणि वर्गणीही वाढवावी लागली. परीक्षेच्या आदल्या रात्री केवळ उत्तरे हवी असणारे ग्राहक आमच्याकडे आता फारसे फिरकत नाहीत.